ओठांवर परमनंट रंग की रोजची लिपस्टिक? काळपट, दोन रंगांच्या ओठांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात मेकअप आणि लिप पीएमयू, म्हणजे परमनंट मेकअप, दोन्ही करते, त्यामुळे हे प्रश्न मला रोज येतात, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी कधी तर ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यात सुद्धा. इथे मी मुद्दाम एकाच प्रकारच्या ओठांबद्दल लिहिलंय. कडेला तपकिरी किंवा जांभळट, मध्ये गुलाबी, आणि वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद. आपल्याकडे बऱ्याच जणींचे ओठ असेच असतात आणि रीलमध्ये दाखवतात ते मुळातच फिकट गुलाबी असतात, सगळी फसगत तिथेच सुरू होते.

हे नक्की असतं काय? लिपस्टिकच कायमची लावून देतात का?

नाही. लिपस्टिक ओठाच्या वर बसते आणि खालचा रंग झाकते. इथे बारीक सुईच्या मशीनने रंग ओठाच्या आत, त्वचेच्या दुसऱ्या थराच्या अगदी वरच्या भागात सोडतात, म्हणजे हा टॅटूच आहे, फक्त हलक्या हाताने, ठिपक्या ठिपक्यांनी केलेला. लिप ब्लश, लिप टिंट, लिप शेडिंग अशी नावं वेगवेगळी ऐकाल पण काम तेच.

आता मुद्दा असा की ओठाला काळपटपणा देणारं मेलॅनिन असतं ते वरच्या थरात, आणि आपण टाकलेला रंग बसतो त्याच्या खाली. म्हणजे तुम्हाला तो रंग मेलॅनिनच्या आरपार दिसतो. चहाच्या रंगाच्या काचेमागे गुलाबी कापड धरलं तर ते गुलाबी दिसणार नाही ना, विटकरी दिसेल, तसंच. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

मग मी फोटो दाखवला तो बेबी पिंक माझ्या ओठांवर येणारच नाही का?

पहिल्या बैठकीत तर नाहीच, आणि खूप गडद ओठ असतील तर कधीच नाही, हे मी तोंडावर सांगते. फिकट गुलाबी आणि न्यूड शेड्समध्ये पांढरा रंग असतो, टायटॅनियम डायऑक्साइड. तो काळपट ओठात घातला की गुलाबी तर सोडाच, राखाडी नाहीतर फिकट जांभळी झाक येते, आजारी असल्यासारखे ओठ दिसतात. वर त्याच पांढऱ्यामुळे नंतर लेझरचा घोळ होतो, ते खाली सांगते. कोणी तुमचे ओठ न बघता फोनवरच 'हो हो बेबी पिंक होईल' म्हणत असेल तर तिथे जाऊ नका.

जे होऊ शकतं ते असं: दोन रंगांचे ओठ साधारण एका रंगाचे दिसतात, कड स्वच्छ दिसते, आणि लिपस्टिक न लावता पण चेहरा उतरलेला वाटत नाही. ज्यांना एवढं पुरेसं आहे त्यांना हे आवडतं. ज्यांना शेड हवी आहे, आज मरून उद्या कोरल, त्यांच्यासाठी लिपस्टिकच बरी.

लिप न्यूट्रलायझेशन म्हणतात ते वेगळं का?

हो, आणि आपल्या ओठांना बहुतेक वेळा आधी तेच लागतं. काळपट ओठाचा मूळ कल बघायचा, निळसर-जांभळा आहे की तपकिरी, आणि त्याच्या विरुद्धचा गरम रंग आधी घालायचा, म्हणजे नारिंगी, कोरल, कधी पिवळट नारिंगी. जांभळटपणा मारला जातो आणि ओठ गरम विटकरी-गुलाबीकडे झुकतात. मग दोनेक महिन्यांनी, सगळं बरं झाल्यावर, त्यावर तुमच्या आवडीचा गुलाबी किंवा रोझ.

घाई करून एकाच बैठकीत दोन्ही उरकायचे प्रकार चालतात. त्यात ओठावर खूप वेळा सुई फिरते, आणि आपल्या सावळ्या त्वचेचा स्वभाव असा की जास्त जखम झाली की ती जागा बरी होताना आणखी काळी पडते. म्हणजे काळेपणा घालवायला गेलो आणि वाढवून आलो.

आधी ओठ काळे का झालेत हे बघायला पाहिजे का?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात, खरं तर हाच पहिला हवा. जन्मापासूनचे किंवा घराण्यातले गडद ओठ असतील तर काही प्रश्न नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत काळे झाले असतील तर कारण शोधा. सतत ओठ चाटायची, चावायची सवय, सिगरेट, मशेरी (घरच्या मोठ्या बायकांना विचारताना लाजू नका, खूप जणी लावतात), टूथपेस्टची अ‍ॅलर्जी, आणि चक्क लिपस्टिकची अ‍ॅलर्जी. लिपस्टिकमधला सुगंध, लॅनोलिन, एरंडेल तेलातले घटक काहींना चालत नाहीत, आणि दरवेळी खाज-सूज येतेच असं नाही, नुसती कड हळूहळू काळी होत जाते. अशा बाईने वर टॅटू केला आणि तीच लिपस्टिक चालू ठेवली तर काळेपणा परत येणारच. बी12 कमी असेल तरी त्वचेवर काळपटपणा येऊ शकतो.

आणि एखादा नवीन काळा ठिपका, वाढणारा डाग, बरी न होणारी जखम किंवा पांढरा खरखरीत चट्टा ओठावर असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. त्यावर रंग भरून झाकून टाकलं तर डॉक्टरला नंतर मूळ डाग नीट दिसतच नाही. मी अशांना परत पाठवते, बुकिंग गेलं तरी चालेल.

खरं उदाहरण सांगा ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय होतं?

ऐरोलीला आयटीत नोकरी करणाऱ्या एक ताई, पस्तिशीच्या. वरचा ओठ पूर्ण जांभळट-तपकिरी, खालच्याची फक्त कड तपकिरी आणि मध्ये चांगला गुलाबी. रोज सकाळी लोकलमध्ये मॅट लिपस्टिक, डब्यानंतर परत, संध्याकाळी परत. त्यांचं म्हणणं, हे तीनदाचं बंद करायचंय.

पहिल्या भेटीत सुई नाही. ओठ पुसून, खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक न लावता फोटो. मग प्रश्न, आणि त्यात कळलं की वर्षातून एक-दोनदा ताप आला की ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात. हे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे लिहिलंय. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरांनी आधीपासून घ्यायच्या अँटिव्हायरल गोळ्या लिहून दिल्या, त्या सुरू झाल्यावरच तारीख ठरवली.

पहिली बैठक: वरच्या ओठावर आणि खालच्या कडेवर फक्त नारिंगी-कोरल. खालच्या ओठाचा गुलाबी मध्यभाग सोडून दिला, तिथे नारिंगी घालायची गरजच नव्हती. सगळं धरून अडीच-तीन तास गेले, त्यातला चांगला मोठा भाग नंबिंगला, म्हणजे क्रीम लावून ओठ बधिर करायला. निघताना ओठ सुजलेले आणि रंग भडक केशरी, ह्याला घाबरून रात्री मेसेज येतातच, त्यांचाही आला.

दुसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली, ओठ ताणलेले, कोरडे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पातळ पापुद्रे सुटायला लागले, कोपऱ्यातून आधी. आठवड्याभरात सगळे गेले आणि खाली बघतात तर रंग गायब! हा टप्पा प्रत्येकीला येतो. वर नवीन कातडी तयार होत असते, ती धुरकट असते, आतला रंग तिच्यातून दिसत नाही. ह्याच वेळी 'पैसे वाया गेले, परत करून द्या' म्हणून फोन येतात आणि ह्याच वेळी परत करणं सगळ्यात चुकीचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रंग हळूहळू वर आला, केशरी नाही, तपकिरी गरम झालेला.

आठव्या आठवड्यात त्याच खिडकीत परत फोटो. खालची कड मध्याशी बऱ्यापैकी मिळाली होती. वरच्या ओठाच्या मध्यावर, जिथे धनुष्यासारखा बाक असतो तिथे, एक जांभळट तुकडा राहिला होता. दुसऱ्या बैठकीत तेवढ्या तुकड्यावर परत कोरल आणि बाकी ओठांवर रोझ.

चौथ्या महिन्यात निकाल: लांबून एक रंग, जवळून बघितलं तर दोन्ही कोपरे अजून गडद. ते तसेच राहतील हे त्यांना सांगून ठेवलं होतं, कोपऱ्यात ओठ सारखे मुडपतात, ओले राहतात, तिथे रंग धरत नाही आणि जोर करून भरला तर आत पसरतो. आता त्या ऑफिसला नुसता लिप बाम लावून जातात, लग्नकार्याला लिपस्टिक लावतातच. दीड वर्षांनी मध्यभाग फिका पडून वरचा ओठ परत थोडा वेगळा दिसायला लागला, तेव्हा एक हलका टच-अप.

म्हणजे परमनंट नाहीच का हे?

नावात आहे तेवढंच. बरं होतानाच पहिल्या दिवशीच्या रंगापैकी निम्म्याच्या आसपास जातो. उरलेला साधारण एक ते तीन वर्षं दिसण्यासारखा राहतो. ओठाला रक्तपुरवठा भरपूर, कातडी लवकर नवी होते, आणि लाल-गुलाबी रंगद्रव्यं उन्हाने उडतात. पाम बीच रोडला रोज सकाळी पळणारी आणि एसपीएफचा लिप बाम न लावणारी बाई, हिचा रंग लवकर जाणार. खालच्या ओठावर ऊन जास्त पडतं, तो आधी फिका होतो. तोंडाभोवती रेटिनॉल किंवा अ‍ॅसिडची क्रीम लावत असाल तर त्यानेही लवकर जातो, ओठाच्या कडेपर्यंत आणू नका.

पण उलटंही ध्यानात घ्या, पूर्ण स्वच्छ पुसून जाईल असंही नाही. कडेला थोडा अवशेष वर्षानुवर्षं राहू शकतो. लिपस्टिक रात्री पुसली की संपली, हे नाही पुसता येत. आवडलं नाही तरी दुसऱ्या दिवशी तोच चेहरा घेऊन ऑफिसला जायचं असतं.

माझ्या मैत्रिणीचे ओठ ठिपकेदार, कुठे गडद कुठे फिके झालेत. असं का होतं?

कारणं वेगवेगळी असतात आणि ती बघून ओळखता येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फिके, मोकळे तुकडे राहिले असतील तर बहुतेक सुई फार वर वर फिरली, रंग पापुद्र्याबरोबर निघून गेला, नाहीतर बाईनेच पापुद्रे ओढून काढले. ओढलेल्या जागी कसं, एकदम कडा असलेला तुकडा गायब असतो. हे सगळ्यात सोपं, दुसऱ्या बैठकीत भरता येतं.

करडे-निळसर ठिपके किंवा रेघा दिसत असतील तर सुई फार खोल गेली. रंग जितका खोल तितका तो थंड दिसतो. हे बाजूने कितीही भरलं तरी जात नाही, आणि हात लावून बघितलं तर कधी कधी तिथे टणक लागतं, म्हणजे व्रण झालाय. असं असेल तर परत त्याच जागी सुई फिरवू देऊ नका.

कडेबाहेर धूसर सावली दिसत असेल तर ओठ मोठे दाखवायला नैसर्गिक रेषेच्या बाहेर, साध्या त्वचेवर रंग भरलाय. ओठ आणि त्वचा दोन्ही वेगळ्या पद्धतीने बऱ्या होतात, वेगळ्या वेगाने फिक्या होतात, त्यामुळे सुरुवातीला मस्त दिसतं आणि वर्षभरात दोन कडा दिसायला लागतात. लिपस्टिकच्या लायनरने एक मिलिमीटर बाहेर जाणं निराळं आणि सुईने जाणं निराळं.

आणि काही वेळा कोणाचीच चूक नसते. आतल्या ओल्या भागावर रंग टिकतच नाही, मेलॅनिन एकसारखं नसतं, फोड आले तर तेवढ्या जागेचा रंग जातो. म्हणून निकाल सहा ते आठ आठवड्यांनीच बघायचा आणि आरशात नाही, त्याच उजेडातल्या आधीच्या फोटोशी ताडून.

दुखतं का? नंबिंग क्रीम सेफ असते ना?

दुखतं, चावल्यासारखं, वरच्या ओठाच्या मध्यावर सगळ्यात जास्त. लिडोकेनची क्रीम लावतात त्याने बरंच कमी होतं. पण ही क्रीम म्हणजे औषध आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या, टक्केवारी न लिहिलेल्या ट्यूब असतात, त्या जाड थर देऊन वर प्लास्टिक लावून तासभर ठेवतात, आणि ओठातून ते रक्तात पटकन जातं. डोकं हलकं होणं, जीभ-तोंडाभोवती मुंग्या, छातीत धडधड, असं काही वाटलं तर लगेच सांगा, क्रीम पुसायला लावा आणि कमी झालं नाही तर सरळ दवाखाना. दुखू नये म्हणून वरून परत परत लावा असा आग्रह धरू नका. हृदयाचा त्रास असेल, लिडोकेन किंवा दाताच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल तर आधी सांगायचंच.

सगळ्यात जास्त धोका कशाचा?

माझ्या मते दोन, आणि दोन्ही टाळता येण्यासारखे.

एक, ते तापाचे फोड, नागिणीच्या जातीतल्याच एका विषाणूचे, हर्पीस सिम्प्लेक्सचे. तो एकदा शरीरात शिरला की कायम मज्जातंतूत झोपून असतो, आणि ओठावर जखम झाली की उठतो. लिप टॅटू म्हणजे ओठभर जखम. त्यामुळे ज्यांना आयुष्यात एकदा जरी असे फोड आले असतील त्यांनी डॉक्टरांकडून आधी गोळ्या घेतल्याशिवाय बसायचं नाही. आधी कधीच फोड न आलेल्यांनाही येऊ शकतात. मुंग्या-जळजळ आणि मग घोळक्याने पाण्याचे बारीक फोड, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका, लहान बाळाचे पापे घेऊ नका.

दोन, इन्फेक्शन. सुई एकीची दुसरीला वापरली तर हेपटायटिस बी, सी, एचआयव्ही पर्यंत प्रश्न जातो. सुई नवी असली तरी रंगाची बाटली दूषित असू शकते, सीलबंद बाटलीतसुद्धा जंतू सापडलेले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं आणि सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पू, पिवळी खपली, ताप असेल तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

अ‍ॅलर्जीचं जरा वेगळं आहे. टॅटूच्या रंगांमध्ये सगळ्यात जास्त त्रास लाल रंग देतो, आणि तो महिन्यांनी, वर्षांनी पण येऊ शकतो, खाज, गाठी, रंग भरलेला भागच उचलल्यासारखा. पॅच टेस्ट करा, पण ती चांगली आली म्हणजे हमी मिळाली असं नाही. लिपस्टिकची अ‍ॅलर्जी आली तर ट्यूब फेकून देता येते, हा रंग मात्र आतच असतो, फरक तिथे पडतो.

कोणी करूच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. जखमेचे व्रण जाड उचलून येत असतील त्यांनीही नको. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि त्या गोळ्या माझ्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोड असेल तर पार्लरमध्ये नकोच, कारण जखमेच्या जागी कोड पसरू शकतं. पण ओठावरचं कोड बराच काळ स्थिर असेल तर त्वचारोगतज्ज्ञ स्वतः ओठात रंग भरतात, ती मान्य पद्धत आहे, त्यांच्याकडे जा.

रोज लिपस्टिक खाऊन शिसं पोटात जातं त्यापेक्षा टॅटू बरा नाही का?

हे मला पटत नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत रंगातल्या शिशाला 20 पीपीएमची मर्यादा आहे, आणि नीट कंपनीच्या लिपस्टिकवर घटक, बॅच नंबर, तारीख छापलेली असते. प्रश्न आहे तो रस्त्यावरच्या बिननावाच्या आणि डुप्लिकेट मालाचा. उलट अमेरिकेच्या एफडीएने सौंदर्यासाठी त्वचेत टोचायला एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही, आणि युरोपने 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. टोचलेल्या रंगाची काळजी लिपस्टिकपेक्षा जास्तच घ्यायला हवी, कमी नाही. शिशाच्या भीतीने हे करू नका. रोजचा वेळ वाचवायचाय, घामाने आणि डब्याने पुसणारी लिपस्टिक नकोशी झालीय, हात थरथरतो म्हणून कड नीट जमत नाही, ही कारणं खरी आहेत.

पैशाचा हिशोब कसा बसतो?

इथे ठाणे-नवी मुंबईत दर इतके वेगवेगळे ऐकायला येतात की आकडा सांगून उपयोग नाही, हिशोबाची रीत सांगते. समजा दोन बैठकींचे मिळून 15 हजार आणि दीड वर्षाने टच-अपचे 5 हजार, म्हणजे तीन वर्षांत 20 हजार. लिपस्टिक समजा 600 ची, चार महिने जाते, वर्षाला 1,800, तीन वर्षांत 5,400, आणि टॅटूनंतर पण लग्नाला वगैरे लिपस्टिक लागणारच. म्हणजे पैसे वाचतात म्हणून करायला जाल तर वाचत नाहीत. आणि विचारताना 'लिप ब्लश केवढ्याला' असं विचारू नका, 'माझ्या ओठांना किती बैठका लागतील आणि त्या सगळ्या धरून किती' असं विचारा. निम्म्या दरातलं पॅकेज बहुतेक एकाच बैठकीचं असतं, आणि गडद ओठांना एक कधीच पुरत नाही.

लग्न आहे, किती आधी करू?

चार महिने आधी पहिली बैठक, म्हणजे दुसरी होऊन तीही पूर्ण बरी होते. पंधरा दिवसांवर लग्न आलं असताना करायचं तर मी नाहीच म्हणते, कारण हळदीच्या दिवशी पापुद्रे सुटलेले असतील आणि फोड आले तर काही हातात नाही. तोपर्यंत ट्रान्सफर न होणारी लिपस्टिक छान काम देते.

नंतर काय खायचं, काय लावायचं?

पहिल्या काही तासांत ओठातून चिकट पाणी येतं, ते स्वच्छ ओल्या गॉझने टिपायचं, घासायचं नाही. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, दिवसातून काही वेळा, हात धुवून. आठवडाभर मिसळ, ठेचा, पाणीपुरी बंद, गरम चहा पण कोमट करून, ताक-भात खिचडी चालू. स्विमिंग, वाफ, जिमचा घाम नको. दात घासताना फेस ओठांवर येऊ देऊ नका. पापुद्रे आपोआप गळू द्या. लिपस्टिक सगळे पापुद्रे गेल्यावरच, आणि जुनी उघडी लिपस्टिक नाही, नवी. बरं झाल्यावर एसपीएफ 30 चा लिप बाम, हा मात्र कायमचा.

स्टुडिओत गेल्यावर काय बघू?

सुईची कार्ट्रिज सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेली. रंग छोट्या डिस्पोजेबल कपात काढलेला, उरलेला परत बाटलीत न ओतलेला. तो संपला आणि आर्टिस्टने त्याच ग्लोव्हजने बाटली उचलली तर थांबवा, बिनधास्त थांबवा. बाटलीवर कंपनी, बॅच, एक्स्पायरी आणि घटक हवेत, त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे अ‍ॅलर्जी झाली तर डॉक्टरला तोच लागतो.

आणि कामाचे फोटो मागाल तेव्हा लगेच काढलेले नकोत. लगेच काढलेल्या फोटोत सगळ्यांचेच ओठ सुंदर, टपोरे दिसतात कारण ते सुजलेले असतात. दोन महिन्यांनंतरचे, तुमच्यासारख्या गडद ओठांचे, फिल्टर नसलेले दाखवा म्हणा. ते नसतील तर त्यांनी आपल्यासारख्या ओठांवर काम केलेलंच नसण्याची शक्यता जास्त.

नाही आवडलं तर लेझरने काढता येतं ना?

येतं, पण लिपस्टिक पुसण्याइतकं सोपं समजू नका. फिकट गुलाबी, न्यूड, स्किन कलर ह्या शेड्समध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असतं, आणि त्यावर लेझर पडला की रंग जाण्याऐवजी क्षणात काळा-करडा होऊ शकतो. मग तो काळा काढायला आणखी बैठका, आणि सावळ्या ओठावर लेझरने स्वतःचे डाग पडायची भीती वेगळीच. म्हणून आधी एका छोट्या, न दिसणाऱ्या जागी टेस्ट शॉट मारून, काही आठवडे वाट बघून, मगच पुढे. आणि हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं. चुकीच्या रंगावर स्किन कलर भरून झाकून देते असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, तो त्वचेचा रंग काही महिन्यांत पिवळट चट्ट्यासारखा दिसतो आणि लेझरला सगळ्यात वाईट तोच.

रक्तदान, एमआरआय, फिलर?

रक्तदान टॅटूनंतर 12 महिने चालत नाही, कॅम्पमध्ये विचारलं तर लिप टॅटू पण सांगायचा, तो टॅटूच आहे. एमआरआय करता येतो, फक्त टेक्निशियनला आधी सांगा, आयर्न ऑक्साइडच्या रंगामुळे क्वचित जळजळ किंवा सूज येते, ओठ गरम लागले तर बझर दाबा. लिप फिलर केला असेल तर किमान महिनाभर जाऊ द्या, सूज पूर्ण उतरून ओठांचा खरा आकार दिसल्याशिवाय कड आखता येत नाही.